आठ ओळींचा पहिला पाऊस

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा मृग नक्षत्र लागून आठवडाभर झालेला असतो आणि आमच्या भागात, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात, मुले आणि मोठी माणसे दोघेही दुपारी एकदा तरी पश्चिमेकडे पाहतात. त्या दिवसांत परिपाठात पावसाची एक कविता हवी असते. पहिलीची मुले शाळेत नवी असतात, अक्षरओळख झालेली नसते, रांगेत उभे राहणेही अंगवळणी पडलेले नसते. अशा मुलांना वाचायला न लावता, केवळ ऐकून आणि हात हलवून, चारपाच दिवसांत जे पाठ होईल ते सगळ्या शाळेसमोर म्हणायला द्यायचे असते. अशी एक आठ ओळींची कविता मी आमच्या शाळेसाठी रचली. ती एका बैठकीत लिहून झाली नाही. तीन वर्षांच्या जूनमध्ये ती तीन वेळा बदलली, आणि प्रत्येक बदल मुलांच्या तोंडून, हातांतून किंवा एखाद्या प्रश्नातून आला.

पहिल्या वर्षीच्या कवितेची सुरुवात अशी होती: ‘प्रथम वर्षाऋतूची स्वारी, तृप्त झाली सृष्टी सारी’. कागदावर ती मला शोभिवंत वाटली होती. पहिलीतल्या मुलांनी ती म्हटली तेव्हा ‘सृष्टी’ची ‘सुस्टी’ झाली, ‘तृप्त’मधला एक व्यंजन प्रत्येकाने आपापल्या सोयीने गाळला आणि ‘वर्षा’ हे वर्गातील एका मुलीचे नाव असल्यामुळे सगळे तिच्याकडे वळून पाहू लागले. सहा वर्षांच्या मुलाला जोडाक्षर उच्चारता येत नाही असे मुळीच नाही. ‘प्यायलो’, ‘त्याला’, ‘माझ्या’ हे शब्द तो दिवसभर बोलतो. अडचण होते ती तीन ठिकाणी: जोडाक्षर अनोळखी शब्दात असले की, एका ओळीत दोन-तीन असली की, आणि त्याच क्षणी हातालाही काम दिलेले असले की. या तिन्ही गोष्टी मी एकाच ओळीत आणल्या होत्या, कारण ‘तृप्त’ या शब्दावर मुलांनी पोटावरून हात फिरवायचा होता.

दुसऱ्या वर्षी मी सोपे शब्द घेतले: ‘पाऊस आला धो धो धो, झाडाखाली पळा हो’. यात जोडाक्षर नव्हते, यमक कानाला लागत होते आणि पळण्याची कृती मुलांना मनापासून आवडली. मात्र तिसऱ्याच दिवशी मेंढपाळाच्या घरची एक मुलगी परिपाठ संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, वीज कडाडती तवा झाडाखाली न्हाई थांबायचं. आमचं आजोबा वरडत्यात.” ती मुलगी जे बोलली ते अगदी खरे होते. आमच्याकडचा पहिला पाऊस हा बहुतेक वेळा दुपारनंतर येणारा, गडगडाटाचा आणि विजांचा पाऊस असतो. नंतर लागून राहणारी झड बरीच शांत असते. मी मुलांकडून रोज सकाळी पळत पळत जे घोकून घेत होते, ते त्यांनी प्रत्यक्षात केले असते तर जिवावर बेतले असते. कृतिगीतातील कृती अंगात उतरते, म्हणूनच तर आपण ते शिकवतो. मग ती कृती चुकीची असेल तर तीही तितकीच खोल उतरते. ती ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली, आणि तेव्हापासून मुलांना उघड्यावर धाव घ्यायला किंवा झाडाखाली जायला सांगणारी कोणतीही ओळ पावसाच्या कवितेत येऊ दिलेली नाही.

त्या कवितेत आणखी एक ओळ होती, पहिला पाऊस पडताच बाबा पेरणीला निघाले अशा अर्थाची. तिच्याबद्दल आमच्या गुरुजींनी, ज्यांची स्वतःची कोरडवाहू बाजरी आहे, शांतपणे एवढेच विचारले की पहिल्या पावसावर कोणता शेतकरी पेरतो. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो, आणि तो न मानता घाई केलेल्या घरांत दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे आमच्या शाळेतील निम्म्या मुलांनी घरात ऐकलेले असते. पहिला पाऊस पेरणीचा नसतो. तो तापलेल्या मातीने पिऊन टाकण्याचा असतो. हे लक्षात आल्यावर कवितेला एक खरी गोष्ट मिळाली आणि पुढच्या वर्षीची सहावी ओळ तिथून आली.

तोपर्यंत ‘पाऊस आला’ या दोन शब्दांनीही मला बरेच शिकवले होते. मुले ते म्हणत तेव्हा मला सतत ‘पाऊसाला’ असे ऐकू येई. कारण सरळ आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना सहसा उच्चारत नाही. ‘पाऊस’ लिहितो, पण ‘पाऊस्’ बोलतो. त्या सुट्या ‘स्’पुढे लगेच ‘आ’ आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि शब्दाची सीमा पुसली जाते. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला ही सीमा कागदावर दिसत नाही. त्याच्यासाठी ‘पाऊसाला’ हा एकच शब्द असतो. शब्द फक्त उलटे केले, ‘आला पाऊस’ असे, की अडचण नाहीशी होते: ‘आ-ला-पा-ऊस्’, चार ठळक ठोके, आणि ‘स्’ शेवटी जाऊन थांबण्याच्या जागेत विरतो.

मात्रांच्या हिशेबातही हा न उच्चारलेला ‘अ’ डोकावतो. आपल्या जुन्या नियमाप्रमाणे ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन मात्रा धरली तर ‘पाऊस’च्या पाच मात्रा होतात, पण मुलांच्या तोंडी तो शब्द चारच मात्रांत बसतो. त्यामुळे लहान मुलांसाठी लिहिताना मात्रा वहीत मोजायच्या नाहीत, टाळीवर मोजायच्या, हे मी त्यानंतर पाळले. एका ओळीत चार टाळ्या आणि प्रत्येक टाळीच्या पोटात चार मात्रा, म्हणजे सोळा मात्रांची ओळ. आपल्या कितीतरी बडबडगीतांची चाल याच वजनाच्या जवळपास असते, म्हणून ती मुलांच्या कानात आधीच बसलेली असते. ओळ म्हणून पाहिली, वहीत ती एक-दोन मात्रांनी जास्त भरली, पण टाळीवर नीट बसली, तर ती ओळ ठेवायची. टाळीवर अडखळली तर वहीतील हिशेब कितीही बरोबर असला तरी बदलायची.

तिसऱ्या वर्षी जी कविता तयार झाली ती अशी:

इकडे काळा, तिकडे काळा,
आभाळात ढगांची शाळा.
गडगड गडगड घंटा झाली,
थेंबांची मग रांग निघाली.
पहिला पडला नाकावरती,
बाकी सारे प्याली धरती.
पहिला पाऊस, आला पाऊस,
शाळा बुडवुन नको जाऊस!

पहिल्या ओळीत ‘ढग’ हा शब्दच नाही, याला गुरुजींनी हरकत घेतली होती. माझे म्हणणे असे होते, आणि अजूनही आहे, की कृतिगीतात नामाचे काम हाताने केले तर चालते. मूल उजवा हात लांब करून वर दाखवते, मग डावा. काळे काय आहे हे पाहणाऱ्याला आणि दाखवणाऱ्याला दोघांनाही कळते, आणि पुढच्या ओळीत शब्द येतोच. येथे शिकवणाऱ्याने एक गोष्ट सांभाळावी लागते. मुलांकडे तोंड करून उभे राहिल्यावर ‘इकडे’ म्हणताना शिक्षकाने डावा हात वर करायचा असतो, कारण मुले आरशात पाहिल्यासारखी अनुकरण करतात. पहिल्या दिवशी मी उजवा हात केला आणि दोन रांगांतील मुलांचे हात एकमेकांवर आपटले. तेव्हापासून कवितेआधी ‘एक हात अंतर’ घेऊन उभे राहायचे, हाही त्या कवितेचाच भाग झाला आहे.

दुसऱ्या ओळीत अजूनही एक खडा आहे. ‘आभाळात ढगांची’ म्हणताना तिसरी टाळी ‘गां’वर पडते, म्हणजे ‘ढ’ हे अक्षर दुसऱ्या टाळीच्या शेपटीला लटकते आणि मुले ते गिळतात किंवा त्यातील महाप्राण घालवून ‘डगांची’ म्हणतात. ती ओळ बदलून पाहिली. ‘शाळा’ हा शब्द आणि त्यातून उलगडणारी पुढची घंटा आणि रांग मला सोडवेना. म्हणून ती ओळ शिकवताना सुरुवातीला टाळीशिवाय, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणून घेते आणि ‘ढ’ म्हणताना तोंडापुढे तळहात धरायला सांगते. ‘ढ’ नीट उच्चारला की श्वासाचा झोत हाताला लागतो, ‘ड’ला लागत नाही. आमच्या भागात ‘आभाळ आलंय’ म्हणजे ढग आलेत असाच अर्थ असतो, त्यामुळे काही घरांतील मोठ्यांना ही ओळ एकच गोष्ट दोनदा सांगणारी वाटली असणार. मुलांनी मात्र ती तक्रार कधी केली नाही, कारण त्यांना शाळेची मौज होती.

तिसरी आणि चौथी ओळ मला सर्वांत जवळची आहे. ‘गडगड गडगड’ला दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या, ‘घंटा झाली’ला घंटेची दोरी ओढायची, आणि ‘थेंबांची मग रांग निघाली’ला बोटे हलवत हात डोक्यापासून कमरेपर्यंत खाली आणायचे. शाळेत नवीन आलेल्या मुलाला घंटा आणि रांग या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी भेटतात. त्याच गोष्टी वर आभाळातही घडत आहेत असे म्हणताना गडगडाटाची भीती थोडी कमी होते, असे मी काही मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

या चौथ्या ओळीनंतर कवितेत शब्द थांबतात. येथे एक मुकी जागा आहे आणि ती का ठेवली ते थोडे सविस्तर सांगते. पहिलीतल्या मुलाला अवघड कृती आणि शब्द एकाच वेळी दिले की तो दोहोंपैकी एक सोडतो, आणि जवळजवळ नेहमी शब्द सोडतो. परिपाठात हे लगेच ओळखू येते: हात साठ, आवाज दहा. त्यामुळे शब्दांबरोबर फक्त मोठ्या, सोप्या, एका झटक्यात होणाऱ्या कृती ठेवल्या आणि जी कृती लक्ष देऊन करावी लागते तिच्यासाठी वेगळी जागा काढली. त्या जागेत मुले पाऊस वाजवतात. डाव्या तळहातावर उजव्या हाताचे एक बोट, मग दोन, मग तीन, मग चार, मग पूर्ण पंजा. साठ मुलांनी एकेका बोटाने तळहातावर टिचक्या मारल्या की भुरभुर पावसाचा आवाज येतो आणि पंजावर पोहोचेपर्यंत तो पत्र्यावरच्या सरीसारखा होतो. वर्गाबाहेरच्या पडवीला आमच्याकडे पत्रा आहे, त्यामुळे मुलांना तो आवाज नेमका ठाऊक आहे.

यात चूक होते ती अशी की मुले तालात वाजवू लागतात. बालवाडीपासून त्यांना सगळ्यांनी मिळून एकदम टाळी वाजवायला शिकवलेले असते. तीच सवय येथे आड येते आणि पावसाऐवजी कवायतीचा ठेका ऐकू येतो. पाऊस तालात पडत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाने, शेजाऱ्याशी न जुळवता वाजवायचे, हे सांगून कळत नाही. मी एक उपाय करते: मुलांना डोळे मिटायला सांगते आणि ‘तुझ्या घराच्या पत्र्यावर पडतोय तसा’ वाजव, असे म्हणते. डोळे मिटले की शेजारचा हात दिसत नाही आणि दोन-तीन प्रयत्नांत ठेका फुटतो, आवाज पसरतो. मग माझी वर केलेली मूठ दिसली की थांबायचे. त्यासाठी तोवर डोळे उघडलेले हवेत, म्हणून पंजावर आल्यावर डोळे उघडायचे, असे ठरवले आहे. मूठ वर होते, एकदम शांतता पसरते, आणि त्या शांततेत पाचवी ओळ सुरू होते: ‘पहिला पडला नाकावरती’. त्या वेळी फक्त एक बोट नाकाच्या शेंड्यावर ठेवायचे. एवढ्या आवाजानंतर इतकी लहान कृती आली की मुले ती अतिशय मन लावून करतात.

‘बाकी सारे प्याली धरती’ला आधी मी मुलांना खाली वाकून जमिनीला हात टेकवायला सांगत असे. जूनमध्ये मैदानात चिखल असतो, शिवाय मागच्या रांगेतील मुलाचे डोके पुढच्याच्या पाठीवर आदळते. आता दोन्ही तळवे खाली करून ते हळूहळू गुडघ्यापर्यंत नेतात. या ओळीत ‘प्याली’ हे एक जोडाक्षर आहे, पण ते शब्दाच्या आरंभी आहे, शब्द घरातला आहे आणि हात त्या वेळी संथ आहे; त्यामुळे ते कोणाला अडले नाही. ‘धरती’ हा शब्द मात्र आमच्या मुलांच्या रोजच्या बोलण्यातला नाही. ‘नाकावरती’ला जुळणारे यमक हवे होते म्हणून तो घेतला, हे मी मान्य करते. ‘वरती’ आणि ‘माती’ असे जुळवून पाहिले होते, पण शेवटचे एकच अक्षर जुळणारे यमक मुलांच्या कानाला पकडता येत नाही. ते शेवटची दोन-तीन अक्षरे सारखी असली की पुढची ओळ स्वतःहून आठवतात. ‘ना-का-वरती’ म्हणताच ‘ध-रती’ त्यांच्या जिभेवर येते. यमक लहान मुलांच्या कवितेत सजावटीसाठी नसते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ते पुढच्या ओळीचा दोर असतो.

शेवटच्या दोन ओळींत पावसाला हात जोडून, मग तर्जनी हलवून सांगायचे की शाळा बुडवून जाऊ नकोस. ‘बुडवून’ असे नेहमी लिहितो. येथे ‘बुडवुन’ ऱ्हस्व लिहिले आहे, कारण तो टाळीत तसाच बसतो. ‘नको’च्या तीनच मात्रा आहेत, म्हणून मुले ‘नकोऽ’ असे लांबवतात आणि नेमके तेथे त्यांच्या आवाजात विनवणी येते. ही लांबण मी मुद्दाम भरून काढली नाही. धोका एकच असतो: ‘जाऊस’वर मुले ओरडतात. ओरडण्याला लांब ‘ऊ’सारखी सोयीची जागा दुसरी नाही, आणि आमच्याकडे कवितेनंतर लगेच दोन मिनिटांचे मौन असते. दुसऱ्या वर्षीची कविता ‘धो धो धो’वर उड्या मारत संपायची आणि मौन सुरू व्हायला पाच मिनिटे लागायची. म्हणून आता शेवटच्या ओळीनंतर पुन्हा पाऊस वाजतो, पण उलटा: पंजा, चार बोटे, तीन, दोन, एक. शेवटचे बोट तळहातावर टेकते ते तेथेच राहते. मौन वेगळे सांगावे लागत नाही.

शिकवायला आम्हाला पाच दिवस लागतात आणि त्यांचा क्रम मी आता बदलत नाही. पहिल्या दिवशी मुले फक्त ऐकतात आणि मी म्हणत असताना टाळी धरतात. दुसऱ्या दिवशी माझ्यामागून दोन-दोन ओळी म्हणतात, हात मागे बांधून. तिसऱ्या दिवशी मी म्हणते आणि ती केवळ कृती करतात. दोन्ही जोडणे चौथ्या दिवशी, आणि तेही आधी वर्गात, मग मैदानात, कारण मैदानात मागच्या रांगेला पुढच्या रांगेचा आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि पुढचे वेग वाढवतात. वेग वाढतो आहे हे ‘गडगड गडगड’ची ‘गडगडगड’ झाली की कळते. तेव्हा मी बोलून थांबवत नाही. गुरुजी शाळेतला डफ घेऊन पहिल्या आणि तिसऱ्या टाळीवर थाप देतात आणि मुले आपोआप त्या थापेची वाट पाहू लागतात.

तिसऱ्या वर्षी कविता बसली, सगळी शाळा ती म्हणू लागली, आणि जूनअखेरीस पाऊस गेला. दोन चांगल्या सरी देऊन त्याने अशी ओढ दिली की जुलैच्या मध्यापर्यंत आभाळ कोरडे राहिले. परिपाठातील कविता साधारण पंधरवड्याने बदलतो, पण मुलांनी ही सोडली नाही आणि आम्हीही सोडवली नाही. एका सकाळी सातवी ओळ मला वेगळी ऐकू आली. तिसरीच्या रांगेतून कोणीतरी ‘आला पाऊस’च्या जागी ‘येना पाऊस’ म्हटले होते. दुसऱ्या दिवशी दोन रांगांनी तसेच म्हटले आणि शनिवारपर्यंत सगळ्यांनी. ‘आला’ आणि ‘येना’, दोन्हींच्या चार मात्रा. टाळी कोठे अडली नाही. मी फळ्यावर लिहिलेली ओळ पुसून मुलांची ओळ लिहिली. पाऊस परत येईपर्यंत, म्हणजे आणखी अकरा दिवस, आमच्या परिपाठात ती तशीच म्हटली गेली आणि शेवटचे बोट तळहातावर ठेवून मुले रोज थोडा वेळ वर पाहत राहिली.